शब्दांची उतरंड आणि तिचा विग्रह

आपल्याकडच्या व्याकरणाच्या परंपरेत एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला इंद्राने मारले. संतापलेल्या त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि इंद्राचा वध करणारा पुरुष त्यातून वाढावा, अशा हेतूने ‘इंद्रशत्रु’ असा शब्द मंत्रात उच्चारला. शत्रु याचा मूळ अर्थ ठार करणारा. त्वष्ट्याच्या मनात होते ते ‘इंद्राचा घातक’. हा तत्पुरुष समास, आणि वैदिक उच्चारात त्याचा आघात अखेरच्या अक्षरावर पडतो. प्रत्यक्षात तोंडातून शब्द बाहेर पडला तो पहिल्या अक्षरावर आघात घेऊन. तेवढ्याने तो बहुव्रीहि झाला आणि अर्थ ‘इंद्र हाच ज्याचा घातक आहे तो’ असा उलटला. यज्ञातून वृत्र उत्पन्न झाला खरा, परंतु इंद्राच्याच हातून मारला गेला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना, या शब्दाचा दाखला घेतला आहे.

कथेतील दैवी भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यात भाषेची एक अगदी व्यावहारिक गोष्ट दडलेली आहे. दोन नामे एकमेकांस चिकटवून ठेवली की त्यांच्यामधला संबंध सांगणारा प्रत्यय गळून पडतो. तो संबंध ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचा असतो. बोलताना आघात मदतीला येतो. कागदावर तोही नसतो. दोनच शब्दांत जर अर्थ उलटा होऊ शकतो, तर पाच शब्द एकावर एक रचले म्हणजे काय होईल?

हा प्रश्न आज यज्ञशाळेत उद्‌भवत नाही. यंत्रशाळेत, कचेरीत आणि संगणकाच्या कागदपत्रांत उद्‌भवतो. ‘डेटा स्टोरेज अ‍ॅक्सेस कंट्रोल पॉलिसी’ हा एका नियमपत्राचा मथळा समजा. पाच नामे आहेत आणि त्यांमध्ये एकही प्रत्यय नाही. आपल्या घरांत पूर्वी मडक्यांची उतरंड असे, तशी ही शब्दांची उतरंड होय. मडक्यांच्या उतरंडीत जसे तळचे मडके सगळा भार घेते, तसा या रचनेतही शेवटचा शब्द सर्वांचा भार घेतो. ही उतरंड भाषेत कोठून आली, ती रोखण्यासाठी कोणी काय केले, आणि ती न फोडता उतरवावी कशी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ती जेथे विशेष बोकाळली त्या इंग्रजी भाषेकडे पाहू. सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, विशेषणे नामाप्रमाणे बदलत असत. पुढच्या दोन-तीन शतकांत हे प्रत्यय झिजले. षष्ठीचा एक ‘स’कार तेवढा उरला. शब्दांमधला संबंध आता त्यांच्या क्रमावरून आणि मधल्या छोट्या शब्दयोगी अव्ययांवरून कळू लागला. त्यामुळे एक नवीच सोय झाली. नाम आणि विशेषण यांच्या रूपात फारसा भेद न राहिल्याने कोणतेही नाम दुसऱ्या नामापुढे नेऊन ठेवावे आणि त्याच्याकडून विशेषणाचे काम करून घ्यावे, हे सहज शक्य झाले. दगडाची भिंत म्हणजे ‘स्टोन वॉल’. येथवर कोणाचीच अडचण नव्हती.

अडचण झाली ती शास्त्रीय लेखनाच्या वाढीबरोबर. डग्लस बायबर आणि बेथनी ग्रे या अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गेल्या काही शतकांचे इंग्रजी लेखन तपासून दाखवले आहे, की शास्त्रीय गद्य विसाव्या शतकात वाक्यांच्या गुंतागुंतीकडून नामांच्या गुंतागुंतीकडे वळले. पूर्वी जे क्रियापदाने आणि पोटवाक्याने सांगितले जाई, ते आता नामापुढे नाम ठेवून सांगितले जाऊ लागले. याला कारणही होते. शास्त्रात एकदा ‘दाब’, ‘झडप’, ‘नियंत्रण’ अशा संज्ञा ठरल्या की त्या वारंवार लिहाव्या लागतात, आणि तज्ज्ञाला मधले प्रत्यय गाळले तरी चालते, कारण संबंध त्याला आधीच ठाऊक असतो. संक्षेप तज्ज्ञाच्या सोयीचा. त्याची किंमत मात्र नवख्या वाचकाला भरावी लागते.

ही खोड सरकारी कचेऱ्यांतही पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याने सरकारी कारकुनांसाठी साध्या लेखनाविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली निघाले, आणि १९५४ साली त्याची विस्तारित आवृत्ती झाली. तीत गॉवर्सने नामांच्या या राशींना वर्तमानपत्री मथळ्यांच्या जातीचे म्हणून त्यांचा समाचार घेतला. मथळ्यात जागा थोडी असते, तेथे प्रत्यय गाळणे क्षम्य आहे. पत्रात आणि नियमात तसली तंगी नसते. परंतु गॉवर्सची ती सूचना होती, नियम नव्हता. नियम आला तो विमानाच्या कारखान्यातून.

विमान एका देशात बनते आणि त्याची देखभाल जगातल्या कोणत्याही विमानतळावर होते. देखभालीची पुस्तके इंग्रजीत. ती वाचणाऱ्या पुष्कळ कारागिरांची मातृभाषा इंग्रजी नव्हे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोपातील विमानवाहतूक कंपन्यांच्या संघाने विमाने बांधणाऱ्यांकडे मागणी केली, की ही पुस्तके साध्या, बांधीव इंग्रजीत लिहा. त्यातून १९८६ साली ‘सिंप्लिफाइड इंग्लिश’ या नावाची मार्गदर्शिका निघाली, आणि २००५ पासून ती एक प्रमाणसंहिता म्हणून ओळखली जाते. त्या संहितेत नामांच्या उतरंडीला स्पष्ट मर्यादा आहे. एका रांगेत जास्तीत जास्त तीन शब्द. एखाद्या भागाचे अधिकृत नावच त्याहून लांब असेल, तर ते एकदा पूर्ण लिहावे आणि पुढे त्याचे ठरवलेले लहान नाव वापरावे, किंवा जे शब्द मिळून एक वस्तू होते ते जोडरेघेने बांधून दाखवावेत.

तीनच का, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. तीन नामे ओळीने असली तर त्यांची जोडी दोनच प्रकारे लावता येते: पहिले दोन आधी जोडायचे, किंवा शेवटचे दोन आधी जोडायचे. नामे चार झाली की हे प्रकार पाच होतात, पाच झाली की चौदा, आणि सहा झाली की बेचाळीस. आपल्या मथळ्यात पाच नामे आहेत; म्हणजे चौदा वाटा. वाचक त्यांतल्या बहुतेक वाटा न कळतच सोडून देतो, कारण त्या त्याला निरर्थक वाटतात. पण तो त्या आपल्या पूर्वज्ञानाच्या बळावर सोडतो. ज्याला ते ज्ञान नाही, तो चौदा वाटांच्या तिठ्यावर उभा राहतो.

संख्येपेक्षाही मोठा धोका दुसरा आहे. विमानातल्या ‘फ्युएल पंप प्रेशर वॉर्निंग लाइट’ या रचनेचा विचार करा. इंधनाच्या पंपाच्या दाबाविषयी इशारा देणारा दिवा, हे कळले. पण दाब वाढला की दिवा लागतो, की दाब उतरला की लागतो? पाच शब्दांत ते कोठेच नाही. ‘पंपाचा दाब कमी झाला, की हा दिवा लागतो’ असे वाक्य लिहायला बसलो असतो, तर ‘कमी’ हा शब्द लिहिल्यावाचून वाक्य पुरेच झाले नसते. क्रियापद आले की ते कर्ता मागते, कर्म मागते, केव्हा आणि कसे तेही मागते. उतरंड काहीच मागत नाही. म्हणून तिच्यात जे सांगायचे राहून गेले, ते राहून गेले आहे हेही दिसत नाही.

आता असे पाहा, की ही उतरंड उतरवण्याची रीत आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून सिद्ध होती. संस्कृत गद्याला दीर्घ समासांची हौस होतीच. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यात ओळीच्या ओळी व्यापणारे समास आहेत. परंतु ज्या परंपरेने ते समास बांधले, तिनेच ते सोडवण्याची शिस्तही घालून दिली. टीकाकाराने प्रथम पदे वेगळी करावीत, मग पदांचे अर्थ सांगावेत, मग समासांचा विग्रह करावा आणि नंतर वाक्याची जुळणी दाखवावी, असा क्रम ठरलेला होता. विग्रह म्हणजे गळालेला प्रत्यय पुन्हा जागेवर बसवणे. ‘राजपुरुष’ म्हणजे राजाचा पुरुष. आणि तत्पुरुष कितीही लांब असला, तरी तो दोन-दोन पदांनी बांधत नेलेला असतो. म्हणून उलगडतानाही दोन-दोन पदांनीच उलगडायचा. द्वंद्व आणि बहुव्रीहि यांतच दोनांहून अधिक पदे एकदम येऊ शकतात.

पाणिनीने समासाच्या प्रकरणाच्या तोंडाशीच एक अट घातली आहे: ज्या पदांचा अर्थाने परस्परांशी संबंध आहे, त्यांचाच समास व्हावा. या अटीवर पतंजलीने जी चर्चा केली ती आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. ‘श्रीमंत राजाचा पुरुष’ असे म्हणायचे आहे. मग ‘राजपुरुष’ हा समास करून ‘श्रीमंत’ हे विशेषण बाहेर ठेवता येईल का? नाही. कारण समासात गेलेला ‘राजा’ आता बाहेरच्या विशेषणाला हात देऊ शकत नाही. ‘श्रीमंत राजपुरुष’ म्हटले तर श्रीमंती राजाची न राहता पुरुषाची होते.

हीच गफलत आपल्या रोजच्या पाट्यांवर होते. ‘नवीन पाणीपुरवठा योजना देखभाल निधी’ असे शब्द एखाद्या फलकावर आले, तर नवीन काय? योजना की निधी? मराठीला याचे उत्तर देण्याचे साधन निसर्गतःच मिळालेले आहे, ते म्हणजे सामान्यरूप. ‘नव्या पाणीपुरवठा योजनेच्या देखभालीचा निधी’ म्हटले की योजना नवी. ‘पाणीपुरवठा योजनेच्या देखभालीचा नवा निधी’ म्हटले की निधी नवा. ‘नवा’ची ‘नव्या’ होते त्या एका बदलाने विशेषण कोणाचे ते उघड होते. मात्र या साधनालाही मर्यादा आहे. ‘नवीन’, ‘विशेष’, ‘प्राथमिक’ अशी विशेषणे बदलतच नाहीत. ‘विशेष शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ यात विशेष शिक्षक, की विशेष प्रशिक्षण, हे रूपावरून कधीच कळणार नाही. तेथे विशेषण उचलून त्याच्या नामाला अगदी खेटून ठेवणे, आणि बाकीच्या नामांना प्रत्यय लावणे, एवढाच मार्ग उरतो: ‘शिक्षकांच्या विशेष प्रशिक्षणाचे केंद्र’.

आता मूळ मथळ्याचा विग्रह पायरीपायरीने करून पाहू. हे नियमपत्र एका रुग्णालयाचे आहे असे धरू, म्हणजे ‘डेटा’ म्हणजे काय ते डोळ्यांपुढे राहील: रुग्णांचे रोग, तपासण्या, औषधे यांच्या नोंदी.

पहिली पायरी, तळचे मडके ओळखणे. शेवटचा शब्द ‘पॉलिसी’, म्हणजे धोरण किंवा नियम. जे काही आहे ते नियम आहेत. उरलेले चार शब्द ‘कशाचे नियम’ एवढेच सांगतात.

दुसरी पायरी, ठरलेल्या जोड्या शोधणे. एखादी जोडी स्वतंत्र संज्ञा आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे: त्याच लेखनात ती इतरत्र एकटी येते का ते पाहावे. ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ ही संगणकशास्त्रातली रूढ संज्ञा आहे. कोणाला काय पाहू द्यावे आणि काय करू द्यावे, हे ठरवण्याची व्यवस्था. ‘डेटा स्टोरेज’ हीदेखील रूढ आहे. दोन जोड्या बांधल्या की पाच नामांची तीन झाली, आणि चौदा वाटांच्या जागी दोनच उरल्या.

तिसरी पायरी, समास कोणता ते विचारणे. येथे बहुतेक जण चुकतात, कारण ते सर्वत्र तत्पुरुषच गृहीत धरतात. ‘डेटा स्टोरेज’ आणि ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ या दोन जोड्यांत ‘च्या’ दडला आहे की ‘आणि’? ‘आणि’ असेल तर हे द्वंद्व झाले, आणि नियमपत्रात दोन विषय असले पाहिजेत: नोंदी कोठे व किती काळ ठेवायच्या हा एक, आणि त्या कोणी पाहायच्या हा दुसरा. ‘च्या’ असेल तर दुसराच विषय आहे. मथळ्यावरून याचा निकाल लागत नाही. आतले कलम उघडावे लागते. नोंदी किती वर्षे जपायच्या याचे एकही कलम आत नसेल, तर द्वंद्व नव्हे. आपण तसेच धरू.

चौथी पायरी, प्रत्येक सांध्यावर प्रत्यय बसवणे. आणि येथे खरी गोम बाहेर येते. ‘अ‍ॅक्सेस’ म्हणजे पोच. पण पोच कशाशी? नोंदींशी, की त्या जेथे साठवल्या आहेत त्या जागेशी? जुन्या दप्तरखान्यातला शिपाई रुमाल खांद्यावर घेऊन या फडताळातून त्या फडताळात ठेवीत असे. त्याला जागेशी पोच होती, आतला कागद वाचण्याचा अधिकार नव्हता. उलट साहेब आपल्या खोलीत बसून कागद वाचत. दप्तरखान्याचा उंबरा त्यांनी कधी ओलांडलाही नसेल. संगणकाच्या बाबतीतही हे दोन अधिकार वेगळेच आहेत. रोज रात्री साठवणीची दुसरी प्रत काढून ठेवणारा तंत्रज्ञ त्या यंत्राला हात लावतो. नोंदी सांकेतिक लिपीत बंद करून ठेवल्या असतील आणि त्याच्यापाशी किल्ली नसेल, तर त्याला त्या वाचता येत नाहीत, आणि वाचण्याचे कारणही नाही. वॉर्डातला डॉक्टर नोंद वाचतो, यंत्र कोठे आहे ते त्याला माहीत नसते. नियम लिहिणाऱ्याने नोंदींचा अर्थ मनात धरला आणि वाचणाऱ्याने जागेचा घेतला, तर खोलीला कुलूप लागेल, पण वॉर्डातल्या पडद्यावर कोणीही कोणाचाही रोग वाचू शकेल. दोघांनीही नियम पाळला, असेच दोघे सांगतील.

पाचवी पायरी, नामांत कोंडलेली क्रियापदे मोकळी करणे. साठवण म्हणजे कोणी तरी साठवतो. पोच म्हणजे कोणी तरी पाहतो किंवा बदलतो. नियंत्रण म्हणजे कोणी तरी परवानगी देतो किंवा नाकारतो. हे कर्ते आणि कर्मे घालून वाक्य लिहिले की असे होते: ‘रुग्णांच्या ज्या नोंदी आपण संगणकात साठवतो, त्या कोणी पाहाव्यात, कोणी बदलाव्यात आणि ही परवानगी कोणी द्यावी, याचे नियम.’ पाच शब्दांचे अठरा झाले, हे खरे. परंतु त्यांत तीन ‘कोणी’ आले, जे मूळ मथळ्यात नव्हते. लिहिणाऱ्याला त्यांतला एखादा ‘कोणी’ भरता आला नाही, तर तो त्याने ठरवलेलाच नाही असे समजावे. विग्रह न होणे ही पुष्कळदा भाषेची अडचण नसते. निर्णय व्हायचा राहिल्याची ती खूण असते.

आता कोणी म्हणेल, एवढे लांब वाक्य मथळ्यावर कसे लिहावे? लिहू नये. अर्थ एकदा निश्चित झाला की त्याला लहान नाव देता येते: ‘रुग्णनोंदींच्या वापराचे नियम’. पूर्ण वाक्य पहिल्या कलमात जावे, लहान नाव मथळ्यावर आणि पुढे सर्वत्र. विमानवाल्यांच्या संहितेने सांगितलेली रीत ती हीच.

भाषांतरात मात्र एक खड्डा टाळला पाहिजे. प्रत्येक सांध्यावर ‘च्या’ बसवून ‘माहितीच्या साठवणीच्या वापराच्या नियंत्रणाचे धोरण’ असे लिहिले, तर व्याकरण शुद्ध राहील, पण उतरंडीच्या जागी साखळी येईल, आणि तिसऱ्या ‘च्या’पाशी श्रोत्याचा धागा सुटेल. दोन ‘च्या’ ओळीने आले की तिसऱ्याच्या जागी क्रियापद आणावे: ‘साठवलेली माहिती’, ‘वापरण्याची परवानगी’. तसेच उत्साहाच्या भरात सगळेच समास फोडू नयेत. पाणीपट्टी, हवामान, दूरध्वनी हे शब्द लोकांच्या तोंडी एकजीव झाले आहेत. त्यांचा विग्रह करून लिहिणे हा वाचकाचा अपमान होईल. ज्या जोडीचा अर्थ ऐकणारा न थांबता घेतो, ती राहू द्यावी.

महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा केले, तेव्हापासून इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द देण्याचे फार मोठे काम झाले आहे. त्या कामाने शब्द दिले. ते शब्द एकमेकांशी जोडायचे कसे, हे काम मात्र प्रत्येक लिहिणाऱ्याकडे राहते. ‘विदा साठवण प्रवेश नियंत्रण धोरण’ असे लिहिले, तर पाचही शब्द मराठी वाटतील आणि रचना इंग्रजीच राहील. तिच्यात ‘प्रवेश’ म्हणजे दारातून आत जाणे, हा नवा घोटाळा तेवढा वाढेल. मराठीत प्रत्यय झिजलेले नाहीत. ते जागेवर असताना गाळण्याचे काही कारण नाही. इंग्रजीला जे शब्दांच्या क्रमाने आणि जोडरेघांनी सावरावे लागते, ते आपल्याला ‘चा-ची-चे’ने आणि सामान्यरूपाने बोलता बोलता साधते.

तेव्हा असा एखादा मथळा हाती आला, की शेवटच्या शब्दावर बोट ठेवावे, ओळखीच्या जोड्या बांधाव्यात, मधे ‘च्या’ आहे की ‘आणि’ ते विचारावे, आणि मग क्रियापदाला त्याचा कर्ता मागावा. कर्ता सापडला तर नियम कळला. सापडला नाही, तर तो कागद ज्याने पाठवला त्याच्याकडेच परत पाठवून ‘कोणी?’ एवढा एक शब्द समासात लिहावा. येथे समास म्हणजे कागदाची डावी कोरी कड.